चौदा शब्द आणि एकतीस शब्द

आमच्या गल्लीत माझ्या तोंडाला कुलूप नाही असं म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. नळावर, दळणाच्या रांगेत, बसस्टँडवर, कुठेही मला बोलायला माणूस लागायचा. माणूस नसला तर मी कपबशीशी बोलायची. अशा बाईच्या पोटी जी एकुलती एक मुलगी आली, ती चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. माझे यजमान मेहकरच्या तहसील कचेरीत कारकून होते, आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मुलगी अगदीच मुकी नव्हती. हवं ते बोट करून दाखवायची, हात धरून ओढत न्यायची, रागावली की 'नको' म्हणायची. शब्द मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 'आई' हा त्यांत नव्हता. कोणी म्हणायचं जिभेखालची शीर कापून आणा, कोणी म्हणायचं तिचा बाप उशिराच बोलला होता. शेजारच्या काकू तर माझ्या तोंडावर म्हणाल्या, "तू तिले बोलू देशील तर बोलन ना ते." मी महिनाभर त्यांच्याकडे विरजण मागायला गेले नाही.

त्या वर्षी महिला मंडळाने देवळामागच्या एका खोलीत बालवाडी काढली. तिथे शिकवायला जानेफळची एक मुलगी ठेवली होती. वीस-एकवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, दोनच लुगडी आलटून पालटून नेसणारी. रोज बसने यायची. मुलं तिला बाई म्हणायची, म्हणून आम्हीही बाई म्हणू लागलो. मी मुलीला तिथे घातलं ते दोन तास घरातली कामं उरकावीत म्हणून. दोन महिन्यांनी एका दुपारी मुलीला आणायला गेले, तर दारातूनच ऐकू आलं. माझी मुलगी तिच्या पदराला धरून म्हणत होती, "बाई."

मी तिथेच थांबले. आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी झालं. चार वर्षं मी हिला न्हाऊ घातलं, हिच्यासाठी रात्रंदिवस बडबड केली, 'आई म्हण, आई म्हण' करून घसा बसवून घेतला, आणि हिने तोंड उघडलं ते दोन महिन्यांच्या ओळखीच्या मुलीसाठी. त्या दिवशी घरी येताना मी तिचा हात जरा जास्तच घट्ट धरला होता.

त्याच बाईने यजमानांना सुचवलं की औरंगाबादला एका दवाखान्यात मुलांचं बोलणं तपासणाऱ्या मॅडम आल्या आहेत, मुंबईला शिकलेल्या आहेत, एकदा दाखवून आणा. हे तिने सुचवलं याचाही मला राग आला. पण पहाटेची बस धरून आम्ही गेलो.

मॅडमनी आधी कान तपासले. समोर रिकामा डबा आणि लाकडी मणी ठेवले. डफली वाजली की एक मणी डब्यात टाकायचा, असा खेळ त्यांनी तिला आधी शिकवला. मग कानांवर यंत्र लावलं आणि त्यातून बारीक बारीक आवाज सोडले. मुलगी श्वास रोखून बसायची आणि आवाज आला की मणी टाकायची. कान चांगले होते. जीभ बाहेर काढायला लावली, वर उचलायला लावली. शीर कापायची काही गरज नाही, असं मॅडम म्हणाल्या. मग त्या बोट न दाखवता नुसत्या तोंडाने म्हणाल्या, चेंडू खुर्चीखाली ठेव आणि चमचा मला दे. तिने दोन्ही केलं. समजतं पुष्कळ, बाहेर येतं थोडं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. घरी तुम्ही काय करता, असंही विचारलं. मी सांगितलं की मी दिवसभर तिच्याशी बोलते, सारखं विचारते, सारखं म्हणून घेते. त्यांनी ते लिहून घेतलं.

निघताना त्यांनी दोन वह्या दिल्या. एक घरासाठी, एक बालवाडीसाठी. प्रत्येक पानावर तीन रकाने आखले होते. पहिल्यात, आधी काय घडलं. दुसऱ्यात, मुलगी काय बोलली किंवा तिने काय केलं. तिसऱ्यात, त्यावर मोठ्या माणसाने काय केलं. पंधरा दिवस लिहायचं. आपण 'म्हण' म्हटल्यावर तिने म्हटलेला शब्द वेगळा दाखवायचा, त्याला फुली करायची. "बरं-वाईट काही लिहू नका, घडलं तेवढंच लिहा," मॅडम म्हणाल्या. "अहवाल मी याच्यावरूनच लिहिणार. इथे अर्ध्या तासात मला ती किती दिसणार?"

पंधरा दिवस मी वही घेऊन तिच्यामागे फिरले. माझ्या वहीत चार शब्द जमले. 'नको', 'पा' म्हणजे पाणी, 'भू' म्हणजे कुत्रा, आणि एकदा 'दे'. त्यातल्या दोनांवर फुली होती.

पंधराव्या दिवशी बाई तिची वही द्यायला घरी आली. चहा घे म्हटलं तर बस चुकेल म्हणाली आणि गेली. वही मला उघडायची नव्हती असं मी म्हणणार नाही. ती वळणापुढे दिसेनाशी होण्याआधीच मी उघडली. बारीक, सरळ अक्षर. पहिला शब्द, 'बाई'. मग 'माती', 'चल', 'माझं', 'पडलं', 'अजून'. एकूण चौदा. फुली एकावरही नाही. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच लिहिलं होतं, 'मी थांबले. मग तिच्याकडे पाहिले.' अंगाचा नुसता तिळपापड झाला. थांबायला काय लागतं? तीस पोरं समोर असताना ही माझ्या पोरीसाठी थांबते आणि मी घरी रिकामी बसून काय करते, असंच मॅडमना वाटणार होतं.

दुपारी मुलगी झोपली होती. मी माझी वही काढली आणि लिहायला बसले. 'आई' लिहिलं. 'आई पाणी' लिहिलं. 'दूध दे' लिहिलं. बाईच्या वहीतले सहा-सात शब्द घेतले, क्रम बदलून. पहिल्या रकान्यात कधी चूल पेटवली, कधी भांडी घासली. तिसऱ्यात आईने जवळ घेतलं, आईने शाबास म्हटलं. खऱ्या चार शब्दांवरच्या दोन फुल्या खोडून टाकल्या. सगळ्या नोंदी एकाच बैठकीत लिहिलेल्या वाटू नयेत म्हणून मधल्या दोन दिवसांच्या पेन्सिलीने लिहिल्या. एकतीसवर थांबले. त्याहून जास्त कोणाला खरं वाटलं नसतं.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. मुलगी त्यांच्या खोलीत तासभर खेळली आणि फक्त 'नको' म्हणाली. त्यांनी मला विचारलं, घरी ही दोन शब्द जोडून बोलते का? मी हो म्हटलं. यजमानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहू लागले. ते दिवसभर कचेरीत असायचे, त्यामुळे त्यांना काही म्हणताही येत नव्हतं.

आठवड्याने टपालाने अहवाल आला. एक प्रत आम्हाला, कार्बन लावून काढलेली तीच प्रत बालवाडीला. डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं काहीतरी अगम्य येईल असं मला वाटलं होतं. पण दोन पानं साध्या मराठीत होती, सातवी शिकलेल्यालाही कळतील अशी. आधी तिला काय येतं ते लिहिलं होतं, मग काय जड जातं ते. 'ही मुलगी हट्टाने गप्प राहते असे नाही. तिला बुद्धी कमी आहे असा निष्कर्षही या तपासणीतून निघत नाही,' हे वाक्य यजमानांनी दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्या पानावर मधोमध रेघ होती. डावीकडे 'घरी', उजवीकडे 'बालवाडीत', म्हणजे कोणी काय करायचं ते एकमेकांनाही दिसावं.

त्या पानावर लिहिलं होतं, 'तपासणीच्या खोलीत मुलगी एकच शब्द बोलली. मात्र आईच्या नोंदीप्रमाणे ती घरी बालवाडीच्या दुपटीहून अधिक शब्द वापरते. ही नोंद खरी धरून पुढील सूचना केल्या आहेत.' डावीकडे, घरी आहे तसेच चालू ठेवावे. उजवीकडे, बालवाडीच्या बाईंनी शक्य तर घरी जाऊन आई मुलीशी कशी बोलते ते पाहावे आणि तसेच वर्गात करून पाहावे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मी ते पान वाचून घडी घातलं आणि पुन्हा उघडून वाचलं. मी जिंकले होते. हे लिहायला आज लाज वाटते, पण त्या दिवशी मी गोड शिरा केला होता.

शनिवारी दुपारी बाई आली. हातात वही, पायांवर धूळ. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी अहवाल सगळ्या बायकांपुढे वाचून दाखवला होता आणि तिला विचारलं होतं, की घरी पोरगी एवढी बोलते मग तुझ्याजवळच काऊन बोलत नाही. हे तिने मला सांगितलं नाही, मला काकूंकडून कळलं. माझ्याकडे येऊन ती फक्त एवढंच म्हणाली, "ताई, मले दाखवा, तुम्ही कसं करता. मी लिहून घेतो."

मग मी दाखवलं. मुलीला समोर बसवलं आणि सुरू झाले. हे काय आहे? मांजर. म्हण मांजर. मांजर काय करते? दूध पिते. तुला पाहिजे दूध? हे घे दूध. म्हण दूध. मुलगी दूध पिऊन तोंड पुसत बसली. मी म्हटलं, आज लाजते आहे तुमच्यासमोर. बाईने मान डोलावली आणि सगळं लिहून घेतलं. माझा प्रत्येक प्रश्न लिहून घेतला. जाताना मुलीने तिचा पदर धरला आणि म्हटलं, "बाई, चल." मी तिला ओढून आत घेतलं.

पुढचे तीन आठवडे बालवाडीत मुलीला आणायला गेले की मला माझाच आवाज ऐकू यायचा. हे काय आहे? म्हण. अजून एकदा म्हण. बाई प्रामाणिक होती. जे लिहून नेलं होतं ते ती शब्दाला शब्द करत होती. मला ऐकून बरं वाटायचं. मुलगी कोपऱ्यात मातीच्या चुलीपाशी बसलेली असायची, मग तिथेही नसायची, दाराशी येऊन उभी राहायची.

एका संध्याकाळी बाई परत घरी आली. त्या दिवशी तिने नेहमीची बस सोडली होती, शेवटची धरणार होती. वही माझ्यासमोर ठेवली. तीन आठवड्यांची पानं होती आणि त्यात तीन शब्द होते. बाकी सगळीकडे दुसऱ्या रकान्यात 'गप्प', 'मान फिरवली', 'दाराशी गेली'.

"ताई, माझंच काही चुकून राह्यलं," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच करून राह्यली मी, तरी पोरगी बंद झाली. मले बाईसुद्धा म्हणत नाही आता."

खरं तेच सांगते. ते ऐकल्यावर सगळ्यात आधी माझ्या मनाला गार वाटलं. हिलाही म्हणत नाही, एवढंच मनात आलं. ते क्षणभरच टिकलं. मग मी मुलीकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर बसली होती, आणि बाई आली आहे हे बघूनही उठली नव्हती. चौदा शब्द होते तिच्याजवळ. ते मी घालवले होते, माझ्या एकतीसच्या खोट्या आकड्याने.

मी आत गेले आणि माझी वही आणली. कोणते चार खरे ते बोटाने दाखवले. बाईने एकेक पान उलटलं. तिच्या वहीतून घेतलेले शब्द तिने ओळखले असणार. तिने वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"मी दहा बायांत बोलणी खाल्ली, ताई," ती म्हणाली. "त्याचं जाऊ द्या. पण मी थांबत होती तिच्यासाठी, ते मीच सोडून देल्लं. तुमचं पाहून."

माफी मागायला मला शब्द सापडले नाहीत. तिने ते मागितलेही नाहीत. तिने मॅडमना कळवायला पोस्टकार्ड मागितलं. मी म्हटलं, हे पोस्टकार्डात मावणार नाही. मग आंतरदेशीय पत्रावर मी मॅडमना लिहिलं, सगळं, पेन्सिलीसकट. खाली मी सही केली. बाई सही न करता उठली आणि म्हणाली की अध्यक्षीणबाईंनाही तुम्हीच सांगा. दुसऱ्या दिवशी मी मंडळात जाऊन त्याच दहा बायकांपुढे सांगितलं. त्या दिवशी घरी येताना नळावर कोणीच माझ्याशी बोललं नाही, आणि काकूंनी तर मुद्दाम बादली वाजवली.

पंधरा दिवसांनी नवा अहवाल आला, पुन्हा दोन प्रती. मॅडमनी मला एका शब्दाने दोष दिला नव्हता. फक्त वर लिहिलं होतं, 'आईने नोंद दुरुस्त करून कळवल्यामुळे आधीच्या सूचना रद्द समजाव्यात.' मधोमध तीच रेघ होती, पण दोन्ही बाजू बदलल्या होत्या. उजवीकडे, बाईंनी आधी जे करत होत्या तेच पुन्हा सुरू करावे. डावीकडे जागा पुरली नव्हती म्हणून अक्षर बारीक केलं होतं. तिने मागण्याआधी वस्तू हातात देऊ नये, पण तिला रडवूही नये. 'म्हण' म्हणू नये. सारखे प्रश्न विचारू नयेत. ती जे पाहत असेल त्याबद्दल एखादे छोटे वाक्य बोलावे आणि थांबावे. मनात दहापर्यंत मोजावे. दूध हवं की पाणी, असे दोन्ही दाखवून विचारावे आणि थांबावे. तिने अर्धा शब्द म्हटला तरी लगेच वस्तू द्यावी, आणि तो शब्द पूर्ण करून त्यात एक शब्द जोडावा, मात्र तिच्याकडून तो म्हणवून घेऊ नये. शेवटी होतं, 'आईने आठवड्यातून एकदा बालवाडीत बसून बाई कशा थांबतात ते पाहावे.'

हे वाचताना माझे कान तापले. पण गेले. शनिवारी मागच्या भिंतीला टेकून बसायची, हातात वही. बाईने मला सतरंजी दिली, पाणी दिलं, पण पहिल्यासारखी ताई म्हणून हसली नाही. ती मुलीजवळ बसायची, मातीच्या चुलीवर मातीची भाकरी टाकायची, आणि गप्प व्हायची. तिच्या ओठांकडे पाहून मला कळायचं की ती मोजते आहे. सात, आठ, नऊ. मला तिथून ओरडावंसं वाटायचं, अगं म्हण ना भाकरी. पाचव्या शनिवारी मुलगी म्हणाली, "भाजली." मला तेव्हाही आधी पोटात दुखलं, मग डोळे भरून आले. मी ते बाईच्या वहीत लिहिलं, माझ्या वहीत नाही, तो शब्द माझा नव्हता.

घरी थांबणं ही माझ्यासाठी शिक्षाच होती. मी पदर तोंडात धरून बसायची. यजमान म्हणायचे, घर शांत झालंय, आजारी आहेस का? मुलगी माझा हात धरून माठाकडे ओढायची आणि मी दगडासारखी उभी राहायची, दहापर्यंत मोजायची, कधी वीसपर्यंत. ती रडायला लागायची तेव्हा द्यायची. रडवू नका असं मॅडमनी लिहिलं होतं, तरी ती रडली हेही वहीत खरं लिहावं लागायचं.

एका दुपारी ती झोपेतून उठून आली. मी तांदूळ निवडत होते. तिने माठाकडे बोट केलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "तहान लागली." मग गप्प झाले. एक, दोन, तीन. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. याआधी ती माझ्या हाताकडे बघायची, तोंडाकडे नाही. सहा, सात. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आठ.

"बाई, पा," ती म्हणाली.

तिच्या लेखी, जे माणूस थांबतं आणि तिच्याकडे पाहतं, ते बाई. मी उठले, गडू भरला आणि म्हटलं, "पाणी. गार पाणी." 'म्हण' म्हटलं नाही. ती घटाघटा प्यायली आणि गडू मला परत दिला.

मग मी वही काढली. पहिल्या रकान्यात लिहिलं, मुलगी झोपून उठली, मी आठपर्यंत थांबले. तिसऱ्यात लिहिलं, मी पाणी दिले. मधला रकाना शेवटी राहिला. तिथे 'आई, पा' लिहायला हात शिवशिवत होता, आणि ते खोटं आहे हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. मी शाईच्या पेनने 'बाई, पा' लिहिलं आणि वही वाळायला उघडी ठेवली.